‘जाळं कापलं ते पर्ससीनवाल्यांनी’

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत किनाऱ्यावरून जाळं ओढणारे एक रापणकर मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीनवाल्यांबद्दल म्हणाले, “जाळं कापलं ते पर्ससीनवाल्यांनी.” मी इतिवृत्तात लिहिलं, “पर्ससीनवाल्यांनी जाळं कापलं.” आता ते म्हणतात, मी त्यांचं बोलणं बदललं. दोन्ही वाक्यांत माहिती तीच नाही का?

माहिती तीच आहे, पण ते काका बरोबर आहेत. फरक कुठे पडतो ते दोन्ही वाक्यं नाकारून बघितलं की कळतं.

तुमचं वाक्य कुणी नाकारलं तर ते असं होईल : “पर्ससीनवाल्यांनी जाळं कापलं नाही.” एवढं ऐकून जाळं शाबूत आहे की कापलेलं, हे सांगता येत नाही. कदाचित कुणीच कापलं नसेल, खडकाला अडकून फाटलं असेल. आता काकांचं वाक्य नाकारू : “जाळं कापलं ते पर्ससीनवाल्यांनी नव्हे.” इथे आरोपी सुटला, पण जाळं कापलेलंच राहिलं. प्रश्नार्थक करा, तरी तेच : “जाळं कापलं ते पर्ससीनवाल्यांनी का?” विचारणाऱ्यालाही जाळं कापल्याबद्दल शंका नाही, शंका फक्त नावाची आहे.

म्हणजे काकांनी एका वाक्याचे दोन तुकडे केले. ‘जाळं कापलं’ हा पहिला तुकडा त्यांनी ठरलेली गोष्ट म्हणून मांडला, त्यावर वाद ठेवला नाही. बोलण्याचा सगळा रोख दुसऱ्या तुकड्यावर, ‘पर्ससीनवाल्यांनी’ यावर ठेवला. पहिल्याला गृहीत म्हणतात, दुसऱ्याला रोख किंवा भर. अशा चिरलेल्या वाक्याला इंग्रजी व्याकरणात ‘क्लेफ्ट’ म्हणतात. हे नाव ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने 1937 साली रूढ केलं. तुमच्या साध्या वाक्यात अशी चीर नाही. ते ‘काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर आहे, काकांचं ‘कुणी कापलं?’ या प्रश्नाचं. सभेत कोणता प्रश्न चालू होता ते आठवा.

तुम्ही म्हणाल, सभेत काकांनी ‘पर्ससीनवाल्यांनी’वर जोर देऊन साधंच वाक्य म्हटलं असतं तरी चाललं असतं. चाललं असतं. ‘जाळं पर्ससीनवाल्यांनी कापलं’ असं म्हणून ते पद क्रियापदाच्या अगदी अलीकडे आणलं असतं तरी रोख पुष्कळसा तिथे गेला असता. पण इतिवृत्तात आवाज उतरत नाही. कागदावर रोख दाखवायचा तर तो वाक्याच्या बांधणीतच असावा लागतो, आणि काकांच्या वाक्यात तो होता.

या रचनेतला ‘ते’ मला फार आवडतो. तो क्रियापदाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो : होडी उलटली ती लाटेने, बांगडे नासले ते उन्हाने, पोरगा पळाला तो थेट बंदरावर. कर्ता, कारण, ठिकाण, वेळ, हेतू, कशावरही रोख टाकता येतो. गुहागरकडची माझी आत्या दारात येऊन म्हणायची, “मी आल्ये ती मागायला नाही, द्यायला.” ती आली आहे हे समोर दिसतच होतं, सांगायचं होतं ते कशासाठी आली. नुसतं “मी मागायला आल्ये नाही” यात तो ठसका येत नाही. फक्त ‘ते’च्या पुढे काय येतं ते बघावं. पुढे नुसतं नाम आलं आणि वाक्य चालूच राहिलं, तर ती चीर नव्हे : “कापलं ते जाळं रापणीचं होतं” इथे ‘ते’ जाळ्याची ओळख पटवतो, कुणावर रोख टाकत नाही.

या बांधणीला आणखी एक धार असते : ती बाकीच्यांना वगळते. “पर्ससीनवाल्यांनीसुद्धा जाळं कापलं” हे सरळ चालतं. “जाळं कापलं ते पर्ससीनवाल्यांनीसुद्धा” हे कानाला खटकतं, कारण ही रचना यादी संपवायला निघालेली असते आणि ‘सुद्धा’ यादी उघडी ठेवतो. म्हणून तुमचं साधं वाक्य काकांना पातळ वाटलं असणार. त्यात इतर कुणी नाही, हे येत नाही.

याचाच भाऊ म्हणजे ‘जे… ते म्हणजे’ची रचना : “आम्हाला जे हवं आहे, ते म्हणजे नव्या जाळ्याचे पैसे.” इथेही पहिला भाग गृहीत, दुसरा नवा. पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. एलन प्रिन्स यांनी 1978 साली इंग्रजीतल्या अशा दोन रचना ताडून पाहिल्या आणि दाखवलं की ‘जे’वाल्या रचनेत गृहीत भाग ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेळी जागा असावा लागतो. चिरलेल्या रचनेत ती अट नाही. तिथे गृहीत भाग ऐकणाऱ्याला ठाऊक नसला तरी ‘हे सर्वांना माहीत असलेलं आहे’ अशा थाटात सांगता येतो. मराठीतही मला हेच दिसतं. “कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 26 जानेवारी 1998 रोजी” असं वाक्य लेखाच्या सुरुवातीला आलं, तर रेल्वेबद्दल काहीच न वाचलेला माणूसही ते मुकाट्याने पुढे वाचतो. उलट एखाद्या कार्यालयाला लिहिलेल्या अर्जाची पहिलीच ओळ “आपण ज्याकडे दुर्लक्ष केलंत, ते म्हणजे आमचं जाळं” अशी असेल, तर वाचणारा थबकतो : दुर्लक्ष? कधी? हा विषय त्याच्या मनात नव्हताच. तीच तक्रार तीन अर्ज देऊन झाल्यावर लिहिली तर मात्र चपखल बसते.

आजकाल बातम्यांत एक तिसरीच बांधणी दिसते : “ते पर्ससीनवाले होते ज्यांनी जाळं कापलं.” ही टाळा. मराठी कानाला ती आधी ‘ते लोक पर्ससीनवाले होते’ अशी ओळख वाटते आणि रोख हरवतो. आपल्याकडे ‘कापलं ते’ असताना तिची गरज नाही.

आता इतिवृत्ताचं. काकांचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात, त्यांच्या नावापुढे लिहा. सोसायटीचं म्हणणं म्हणून ते लिहू नका. जाळं कापलं की फाटलं यावरच सभेत मतभेद असतील, तर हे वाक्य सभेच्या नावावर घातल्याने तो मतभेद न सोडवताच मिटवल्यासारखा होईल, आणि पुढे कुणी “आम्ही नाही कापलं” म्हटलं तरी कापल्याची गोष्ट कागदावर कायम राहील. सभेच्या नावाने लिहायचं असेल तर दोन वाक्यं करा : “जाळे कापले गेले, असे रापणकरांचे म्हणणे आहे. ते पर्ससीनवाल्यांनी कापले, असा त्यांचा आरोप आहे.” मग ज्याला पहिलं मान्य नाही, तो पहिल्यावर बोट ठेवील, ज्याला फक्त दुसरं मान्य नाही, तो दुसऱ्यावर.