वाटणीचे प्रमाण आधी बेरजेत धर

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या, बाबा आणि काका यांच्यात जमीन २:३:४ या प्रमाणात वाटण्याचे ठरले आहे. सातबाऱ्यावर एकूण ३ हेक्टर ७८ आर क्षेत्र आहे. पण त्यातील १८ आर पोटखराबा असल्याने तो आधी बाजूला काढ, म्हणजे लागवडीयोग्य ३६० आर उरतील (१ हेक्टर म्हणजे १०० आर).

आता २, ३ आणि ४ यांची बेरीज ९, म्हणून ३६० ला ९ ने भागल्यास एक भाग ४० आरांचा येतो आणि वाटे अनुक्रमे ८०, १२० व १६० आरांचे होतात. पुष्कळजण या आकड्यांना निमे, तिसरा आणि चौथा हिस्सा समजतात. तसे केल्यास १८०, १२० आणि ९० मिळून ३९० आर होतात, म्हणजे नसलेली ३० आर जमीन वाटली जाते. बेरीज मूळ क्षेत्राशी जुळते का, हे म्हणूनच तपासावे.

पोटखराबाही त्याच प्रमाणात ४, ६ आणि ८ आर असा वाट, नाहीतर नाल्याकडचा सगळा खडक एकाच्याच वाट्याला येईल आणि भांडण तिथेच सुरू होईल. विहीर मात्र अशी तोडता येत नाही. तिच्या पाण्याच्या पाळ्या याच प्रमाणात वाटणीपत्रात लिहून घ्याव्यात.

तुझे आजोबा