दिवाळीआधीची दंततपासणी: सफाई, फटी आणि पांढऱ्या दातांचे प्रश्न

तुमच्या क्लिनिकबाहेर ‘दिवाळीआधी हास्य-तपासणी, 200 रुपये’ असा फलक आहे. त्यात नेमकं काय मिळतं? पुढे मोठं बिल तर लावणार नाही ना?
*एक वाचक, माहीम*

तपासणी मिळते, उपचार नाहीत. साधारण 20 मिनिटं लागतात. सगळे दात आणि जिभेखालचा, गालांच्या आतला भाग बघतो, हिरड्यांची खोली मोजतो, गरज वाटली तरच एखाद्या दाताचा एक्स-रे सुचवतो. एक्स-रेचे पैसे वेगळे, आणि ते काढण्याआधी सांगतो. शेवटी कोणत्या दाताला काय झालंय, काय आत्ता करायला हवं आणि काय सहा महिने थांबलं तरी चालेल, हे एका कागदावर मराठीत लिहून देतो. तो कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाऊ शकता. फलकावर ‘हास्य’ लिहिलंय म्हणून कुणी चमकदार दातांची अपेक्षा घेऊन येऊ नये. त्या 20 मिनिटांत दातांचा रंग बदलत नाही.

मशीनने सफाई केली की दात हलायला लागतात आणि मध्ये फटी पडतात असं सासूबाई म्हणतात. त्यांचा तसा अनुभव आहे. ब्रश करताना रक्त येतं, पण म्हणूनच मी सफाई टाळतेय. बरोबर आहे ना?
*एक गृहिणी, परळ*

नाही. दर दिवाळीआधी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. सासूबाईंनी जे पाहिलं ते खरं असेल, पण त्याचं कारण त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही.

दातांवर रोज एक मऊ, चिकट थर बसतो. तो ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतला चुना त्यात मुरतो आणि काही दिवसांत तो थर दगडासारखा घट्ट होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते सर्वांत जास्त साचतं, कारण लाळेच्या मोठ्या नळ्या जिभेखाली तिथेच उघडतात. कीटण खरखरीत असतं, त्यावर जंतूंचा नवा थर लगेच बसतो. हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागला की रक्त येतं. इथवर नुकसान भरून निघतं. पण हे वर्षानुवर्षं चाललं, तर अनेकांच्या बाबतीत हिरडीखालचं हाड हळूहळू झिजतं. ते आपोआप परत भरत नाही.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास लालबागहून 46 वर्षांच्या एक बाई आल्या. लेकीचा पहिला दिवाळसण होता, फोटोत नीट हसायचं होतं. दोन वर्षं रक्त येत होतं, पण सफाईची भीती तुमच्यासारखीच. खालच्या पटाशीच्या चार दातांमागे कीटणाची अखंड पट्टी होती. आरशात दाखवली तेव्हा त्यांना तो दाताचाच भाग वाटला. मग हिरडी मोजली. त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळी हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवतो. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यांच्या बहुतेक दातांना 3 ते 4 होतं, पण मधल्या दोन दातांना 6. एक्स-रेत त्या दोन दातांभोवतीचं हाड साधारण एक-तृतीयांश उतरलेलं दिसलं. दात किंचित हलतही होते, पण कीटणाने चारही दात एकमेकांना जखडून ठेवल्यामुळे ते जाणवत नव्हतं.

सफाईच्या आधी मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. कीटण निघालं की जिभेला तिथे पोकळी लागेल, कारण ती जागा आजवर दगडाने भरली होती. हिरडीची सूज उतरली की दातांमध्ये छोटी काळी त्रिकोणी फट दिसेल. आणि गार पाणी काही दिवस झोंबेल, कारण झाकलेलं मूळ उघडं पडेल. हे आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही. नंतर सांगितलं तर ते सारवासारव वाटतं, आणि सासूबाईंच्या बाबतीत बहुधा तेच झालं असावं.

सफाई दोन बैठकांत केली. यंत्राचं टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरतं. त्या कंपनाने कीटण सुटतं आणि सोबतच्या पाण्याने धुऊन जातं. दात खरवडून कमी करायला त्याला धार नसते. हिरडीखालची खोल सफाई दुसऱ्या बैठकीत, जागा बधिर करून केली. दहा दिवस त्यांना गार झोंबलं, मग थांबलं. तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात पुन्हा मोजलं तेव्हा 6 चे 4 झाले होते, रक्त थांबलं होतं, दात आधीपेक्षा घट्ट होते. पण पूर्ण घट्ट नाहीत, आणि फट राहिलीच. गेलेलं हाड मी परत आणू शकले नाही. आता त्या दर तीन महिन्यांनी येतात. चार वर्षं आधी आल्या असत्या तर कदाचित एका सफाईत आणि नीट ब्रश शिकण्यात काम भागलं असतं, आणि याचंच मला दर वेळी वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत रक्त म्हणजे हाड गेलंच, असं मुळीच नाही. बहुतेकदा नुसती सूज असते आणि ती जाते. पण ते मोजूनच कळतं. रक्त येतं म्हणून तिथला ब्रश थांबवू नका, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा आणि दाखवून घ्या. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात.

लिंबू आणि खाण्याचा सोडा लावला तर दात पांढरे होतात का? कोळशाची पावडर कशी?
*एक विद्यार्थी, डोंबिवली*

दोन्ही बंद करा. लिंबाचं आम्ल दाताचं वरचं आवरण मऊ करतं, घासल्याने ते झिजतं आणि आतला पिवळा थर आणखी दिसायला लागतो.

दिवाळीला 12 दिवस उरलेत. एका बैठकीत दात पांढरेशुभ्र करून मिळतात अशी जाहिरात पाहिली. तुम्ही कराल का?
*नोकरदार तरुणी, मुलुंड*

आधी पिवळेपणा कुठे आहे ते बघू. चहाचा, मिश्रीचा, पानाचा डाग दाताच्या पृष्ठभागावर असतो. तो सफाई आणि पॉलिशने जातो, आणि कित्येकांना तेवढंच पुरतं. रंग दाताच्या आत असेल तर पेरॉक्साइडच्या जेलने ब्लीचिंग करावं लागतं. त्याआधी किडलेले दात बुजवणं आणि सुजलेल्या हिरड्या बऱ्या करणं भाग आहे, नाहीतर जेल फार झोंबतं.

जाहिरातीतला फोटो बैठक संपताक्षणी काढलेला असतो. तेव्हा दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. काही दिवसांत रंग थोडा खाली येतो, आणि खरा फरक तोच. पुढच्या दातावर कॅप किंवा सिमेंट असेल तर ते ब्लीचने बदलत नाही, मग शेजारच्या उजळ दातांत ते उठून दिसतं. नंतर किमान दोन दिवस हळद, चहा, बीट टाळायचं असतं. फराळाच्या धांदलीत तुम्हाला ते जमेल का, याचा विचार करा. 12 दिवसांत मी तपासणी आणि सफाई सुचवेन. त्यानंतरही ब्लीच हवंच असेल तर दात बघून ठरवू. ब्यूटी पार्लरमध्ये मात्र करून घेऊ नका. पेरॉक्साइड हिरडी भाजू शकतं, आणि किडका दात ओळखणारं तिथे कुणी नसतं.

एका ठिकाणी फुकट तपासणीत सात दात किडलेत असं सांगितलं. ‘आजच सही केली तर 40 टक्के सूट’ म्हणाले. मला काहीच दुखत नाही. फसवतायत का?
*निवृत्त कर्मचारी, गिरगाव*

तुमचं तोंड न पाहता मी तसं म्हणणार नाही. दोन दाढांच्या मधली कीड बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही, फक्त एक्स-रेत सापडते. सातही खऱ्या असू शकतात. पण दाढेच्या खाचेतली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. पुष्कळदा तो जुना डाग असतो आणि त्यावर नुसती नजर ठेवतात.

‘आजच सही करा’ याचा मात्र मला मनापासून राग येतो. कीड महिनोन्‌महिने वाढते, ती रात्रीतून दात खात नाही. जिथे खरोखर घाई असते तिथे सूज, ताप किंवा झोप उडवणारी कळ असते. सातही दातांचे क्रमांक, फोटो आणि एक्स-रे मागून घ्या. देणं त्यांचं काम आहे. मग दुसरं मत घ्या. माझ्याकडेच यायला हवं असं नाही. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. गर्दी असते, वेळ काढून जावं लागतं, पण तिथे खर्च कमी येतो.

जुनं सिमेंट भरलेली दाढ आहे, कडेने थोडी तुटलीय. दुखत नाही. भाऊबीज झाल्यावर आलो तर चालेल?
*दुकानदार, दादर*

नको. अशीच दाढ कडक चकलीने उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर ती काढावी लागते. दिवाळीच्या आठवड्यात कॅप बनवणाऱ्या लॅब बंद असतात. आत्ता आलात तर निदान कड बुजवून ठेवता येईल. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका.

पाचवा महिना सुरू आहे. तपासणी चालेल?
*ठाणे*

चालेल, सफाईसुद्धा. महिना आधी सांगा, तुमच्या डॉक्टरांनाही कळवा. ब्लीचिंग बाळंतपणानंतर.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. सफाईआधी तीन दिवस बंद करू का?
*बोरिवली*

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. औषधांची चिठ्ठी घेऊन या, तुमच्या हृदयविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवू.

गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, हल्ली तिखट झोंबतं. सुपारी खातो. दिवाळीच्या तपासणीत दाखवू का?
*रिक्षाचालक, कुर्ला*

या आठवड्यातच दाखवा, वेळ न ठरवता आलात तरी बघेन. असे पुष्कळ चट्टे साधे निघतात, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका. पण तिखट झोंबणं आणि सुपारी एकत्र असली की गालाची आतली कातडी ताठ होत चालली आहे का, हे बघावंच लागतं. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा आणि मला सांगा. सुपारी आजपासून बंद. जी खात होता तिचं पाकीट सोबत आणा, तिच्यात तंबाखू आहे का ते मला बघायचं आहे.