‘ब्रँड समता’ हा काय प्रकार आहे?

प्रश्न: बँकेच्या परीक्षेसाठीच्या मार्केटिंगच्या मराठी प्रश्नसंचात ‘ब्रँड समता’, ‘ब्रँड स्थिती’ आणि ‘पॅकेजिंगची कार्ये’ यांवर बरेच बहुपर्यायी प्रश्न आहेत. समता म्हणजे समानता ना? मग ब्रँडची समानता कुणाशी? आणि पॅकेजिंगचा परिणाम यांतल्या नेमक्या कशावर होतो? मी ‘स्थिती’वर खूण केली, मैत्रिणीने ‘समता’वर.

उत्तर: ‘समता’ हा शब्द तिथे चुकूनच आलेला आहे, त्यामुळे त्यातून अर्थ काढत बसू नका. मूळ संज्ञा ‘ब्रँड इक्विटी’ आहे, आणि इक्विटी या इंग्रजी शब्दाला मराठीत वेगवेगळ्या क्षेत्रांत वेगवेगळे शब्द आहेत. कायद्यात तो समन्याय, शेअर बाजारात समभाग आणि सामाजिक प्रश्नांच्या चर्चेत समता. भाषांतर करणाऱ्याने यांतला शेवटचा उचलला. ब्रँडची इक्विटी मात्र पैशाच्या व्यवहारातून आलेली आहे. घर पन्नास लाखांचं आणि त्यावर कर्ज तीस लाखांचं असेल, तर कर्ज वजा जाता मालकाचे म्हणून जे वीस लाख उरतात, ती त्या घरातली त्याची इक्विटी. समभागाला इक्विटी म्हणतात तेही याच हिशेबाने: सगळी देणी भागवल्यावर उरेल ते भागधारकांचं.

हाच हिशेब १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या जाहिरात आणि मार्केटिंगवाल्यांनी ब्रँडला लावला. माल वजा केला तर निव्वळ नावाचं म्हणून जे उरतं, ती ब्रँड इक्विटी. दोन पुड्यांत अगदी तेच मीठ आहे, पण एका पुड्यावर ओळखीचं नाव आहे म्हणून लोक दोन रुपये जास्त देतात, किंवा तो दुकानात नसला तर पुढच्या दुकानात जातात. हा जो फरक पडतो तो मिठामुळे नाही. मार्केटिंगचे अमेरिकन प्राध्यापक केव्हिन लेन केलर यांनी १९९३मध्ये जी व्याख्या केली तिचा गाभा एवढाच आहे, की ब्रँडबद्दल ग्राहकाच्या डोक्यात जे आहे त्यामुळे त्याच्या प्रतिसादात पडणारा फरक म्हणजे ब्रँड इक्विटी. त्याआधी १९९१मध्ये याच विषयाचे दुसरे प्राध्यापक डेव्हिड आकर यांनी ती कशाची बनते हे सांगितलं: ब्रँडवरची निष्ठा, नावाची ओळख, दर्जाबद्दलचा समज, नावाशी जोडलेल्या आठवणी-कल्पना, आणि पेटंट-ट्रेडमार्कसारख्या हक्काच्या गोष्टी. प्रश्नसंचातले निम्मे प्रश्न याच यादीवर बेतलेले असतात. यादीतल्या ‘दर्जाबद्दलचा समज’ याकडे लक्ष ठेवा. पर्यायांत नुसता ‘दर्जा’ दिला असेल तर तो फसवा असतो. दर्जा मालाचा, समज ग्राहकाचा.

मग मराठीत काय म्हणावं? बोलताना मी ‘नावाची पुण्याई’ म्हणतो. ती हळूहळू साठते, तिच्यावर काही काळ नुसतं बसून खाता येतं आणि ती संपूही शकते, हे सगळं त्या शब्दात आपसूक येतं. पण एक अडचण आहे. ब्रँड इक्विटी उणेही असू शकते, म्हणजे नाव बघूनच गिऱ्हाईक मागे फिरतं. उणे पुण्याई असं काही मराठीत म्हणत नाहीत. ‘पत’ चढते आणि उतरतेही, पण बँकेच्या परीक्षेत तो शब्द कर्जासाठी आधीच राखलेला आहे. ‘ब्रँडमूल्य’ बऱ्याच पुस्तकांत दिसतं. ते मला नको वाटतं, कारण ब्रँड व्हॅल्यू म्हणजे त्या नावाची रुपयांत काढलेली किंमत ही वेगळी संज्ञा आहे आणि दोन्ही एकाच प्रश्नाच्या पर्यायांत येऊ शकतात. ‘ख्याती’ तर अजिबात नको. बारावीच्या पुस्तपालनात गुडविलला ख्याती म्हणतात आणि ती अख्ख्या व्यवसायाची असते, एका नावाची नव्हे. धंदा विकत घेताना निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम ताळेबंदात ख्याती म्हणून दाखवता येते. कंपनीने स्वतःच मोठा केलेला ब्रँड मात्र आपल्याकडच्या लेखा मानकांनुसार ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवताच येत नाही. थोडक्यात, लिहिताना ‘ब्रँड इक्विटी’ असंच लिहावं.

आता ‘स्थिती’. हाही शब्द घसरलेला आहे. मूळ इंग्रजी शब्द पोझिशनिंग, आणि ती करण्याची गोष्ट आहे, असण्याची नाही. ‘ब्रँडची स्थिती कशी आहे?’ याचं उत्तर ‘बरी आहे’ किंवा ‘बाजारात तिसरा आहे’ असं येईल, आणि यातलं काहीच पोझिशनिंग नाही. ‘स्थाननिश्चिती’ हा शब्द चालण्यासारखा आहे, फक्त ते स्थान ग्राहकाच्या मनातलं असतं, बाजारातला क्रमांक किंवा दुकानातली फळी नव्हे, एवढं धरून चालावं. ही कल्पना जाहिरात क्षेत्रातले जॅक ट्राउट आणि अल रीझ यांनी १९७०च्या आसपास रूढ केली. स्पर्धकांच्या गर्दीत आपला माल अमुक म्हणून ओळखला जावा, हे कंपनी आधी ठरवते आणि मग सगळी जुळणी त्यानुसार करते.

आपल्याकडचं एक झकास उदाहरण विको टर्मरिकचं. ती त्वचेला लावायची क्रीम. पण आपण सौंदर्यप्रसाधन नाही, हे कंपनी वर्षानुवर्षं जाहिरातीतूनच ठणकावून सांगत आली. हळद आणि आयुर्वेद ही जागा तिने धरली आणि प्रसाधनांच्या रांगेतून स्वतःला बाहेर काढलं. गंमत म्हणजे उत्पादन शुल्क खात्याला तीच क्रीम प्रसाधन वाटत होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाने ठरवलं ते कर-वर्गीकरण. पोझिशनिंग गिऱ्हाइकाच्या डोक्यात केव्हाच झालेलं होतं.

म्हणजे पोझिशनिंग हा कंपनीचा डाव, इक्विटी ही ग्राहकाकडे साठलेली शिल्लक आणि पॅकेजिंग ही हातात येणारी वस्तू. तुमच्या आणि मैत्रिणीच्या वादासाठी एक खरं प्रकरण तपशिलात बघू.

ट्रॉपिकाना हा संत्र्याच्या रसाचा ब्रँड, तेव्हा पेप्सिकोच्या मालकीचा. त्याच्या अमेरिकेतल्या प्युअर प्रीमियम रसाच्या खोक्यावर वर्षानुवर्षं एक चित्र होतं: अख्खं संत्रं आणि त्यात थेट खुपसलेली स्ट्रॉ. जानेवारी २००९मध्ये कंपनीने खोकं बदललं. संत्रं गेलं, त्या जागी रसाचा मोठा पेला आला. आडवं नाव उभं झालं आणि अक्षरांचं वळणही बदललं. अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं नवं झाकण आलं. आतला रस तोच. पुढच्या सात-आठ आठवड्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली. फोन, पत्रं, ईमेल यांतून तक्रारी आल्या, खोकं एखाद्या दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडसारखं दिसतं असं लोक म्हणाले. फेब्रुवारी संपायच्या आतच कंपनीने जुनं खोकं परत आणत असल्याचं जाहीर केलं.

आता यात पॅकेजिंगचं कोणतं काम बिघडलं ते पाहा. पुस्तकांत पॅकेजिंगची चार कामं दिलेली असतात: मालाची ओळख पटवणं, त्याचं संरक्षण करणं, वापर सोपा करणं आणि विक्रीला हातभार लावणं. खोकं गळत नव्हतं, म्हणजे संरक्षण शाबूत. झाकण फिरवून रस ओतता येत होता, म्हणजे सोयही शाबूत. बिघडली ती ओळख. सुपरमार्केटमध्ये माणूस फळीवरचं नाव वाचत उभा राहत नाही. रंग आणि आकार नजरेत भरला की हात जातो. ते चित्रच नसल्यावर हात शेजारच्या खोक्यावर गेला, आणि ओळख गेल्यामुळे चौथं काम, विक्रीचं, तेही कोसळलं.

इक्विटीचं काय झालं? ती नाहीशी झाली असती तर जुनं खोकं परत आणूनही उपयोग नव्हता, आणि लोकांनी तक्रार करायचे कष्टही घेतले नसते. ती होतीच, पण तिच्यातला बराच भाग त्या संत्रं-स्ट्रॉच्या चित्राला बांधलेला होता. आकर यांच्या यादीतल्या ‘नावाशी जोडलेल्या कल्पना’ म्हणतात त्या याच. पोझिशनिंगलाही थोडा धक्का बसला असणार असं मला वाटतं, कारण स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं ‘थेट फळातून’ असं सांगतं, पेला तसं काही सांगत नाही. पण कंपनीने धरलेली जागा बदललेली नव्हती, ती सांगण्याची खूण तेवढी गेली होती.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातल्या शब्दांवर ठरेल. ‘पॅकेजिंगमुळे ग्राहक ब्रँड चटकन ओळखतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि पुन्हा घेतो, यातून काय वाढतं?’ असं असेल तर मैत्रीण बरोबर, म्हणजे ‘समता’ हा पर्याय इक्विटी समजून निवडायचा. ‘लक्ष्य ग्राहकाच्या मनात वेगळी जागा मिळावी म्हणून मालाची आणि प्रतिमेची रचना करणं’ असं असेल तर तुम्ही. पहिल्या वाक्यात साठा आहे, दुसऱ्यात क्रिया आणि हेतू आहे.

कार्यांच्या प्रश्नांतला एक सापळा सांगून ठेवतो. ‘खालीलपैकी पॅकेजिंगचे कार्य नाही ते ओळखा’ अशा प्रश्नात ‘किंमत निश्चिती’ हा पर्याय असतो आणि पुष्कळजण तो सोडून देतात, कारण पुड्यावर कमाल किरकोळ किंमत रोज डोळ्यांसमोर असते. ती छापणं हे लेबलिंगचं काम आहे आणि कायद्याने बंधनकारक आहे. किंमत ठरवणं हा मार्केटिंगच्या चार ‘पीं’पैकी, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन यांपैकी, वेगळाच पी आहे. दुसरीकडे, ‘स्वयंसेवा दुकानांची वाढ’ हा पर्याय दिसला तर तेही कार्य नव्हे. पॅकेजिंगचं महत्त्व का वाढलं, याचं ते कारण आहे. विक्रेता समोर नसल्यामुळे पुड्यालाच बोलावं लागतं, म्हणून तर पॅकेजिंगला ‘मूक विक्रेता’ म्हणतात.

आणि पॅकिंग व पॅकेजिंग. बोलण्यात आपण दोन्हीला ‘पॅकिंग’ म्हणतो, त्यात काही वावगं नाही. परीक्षेत मात्र पॅकिंग म्हणजे माल पाठवण्यासाठी बांधणं, आणि पॅकेजिंग म्हणजे मालाच्या वेष्टनाची रचना करून ते तयार करणं. त्याचे तीन स्तर टूथपेस्टवर नीट दिसतात: ट्यूब हे प्राथमिक वेष्टन, ट्यूबभोवतीचं कागदी खोकं दुय्यम, आणि अशी डझनावारी खोकी भरलेला पुठ्ठ्याचा मोठा बॉक्स वाहतुकीचा. ‘दुय्यम’ म्हणजे कमी महत्त्वाचं असा अर्थ इथे नाही. वापर सुरू करताना जे काढून टाकतो ते दुय्यम, आणि माल संपेपर्यंत जे मालाबरोबर राहतं ते प्राथमिक.