लेट मार्कचा खुलासा लिहिण्याआधी मस्टर उघडा

प्रश्न: मी बदलापूरला राहते, ऑफिस मरोळ नाक्याला. वेळ ९:३०, दहा मिनिटांची सवलत. ८:०५ ची लोकल, घाटकोपरला मेट्रो. लोकल रोज रखडते. गेल्या महिन्यात सहा लेट मार्क झाले आणि सरांनी लेखी खुलासा मागितलाय. बेफिकीर वाटू नये आणि सबब सांगतेय असंही वाटू नये, तर काय लिहू?

उत्तर:

लिहायला बसण्याआधी एक काम करा. एचआरकडून किंवा पोर्टलवरून गेल्या महिन्याच्या तुमच्या सगळ्या हजेरीच्या वेळा काढा. फक्त सहा लेट मार्कच्या नकोत, महिन्याच्या सगळ्या दिवसांच्या हव्यात. सरांसमोर तोच कागद असणार आहे आणि तो तुमच्या आठवणीपेक्षा वेगळं सांगतो.

नमुन्यादाखल आकडे धरते, तुम्ही तुमचे घाला. कामाचे २३ दिवस. त्यातल्या ७ दिवशी तुम्ही ९:३० पर्यंत पोहोचलात. १० दिवशी ९:३१ ते ९:४० च्या मध्ये, म्हणजे सवलतीत. ५ दिवशी ९:४१ ते ९:४४ ला. आणि एक दिवस १०:१३ ला. तुमच्या लेखी हे सहा उशीर आहेत. सरांच्या लेखी ते सोळा आहेत, कारण ९:३० नंतरचा प्रत्येक दिवस त्यांना दिसतो. सवलत कधीतरी लागली तर असावी म्हणून दिलेली असते. ती रोज वापरली जाते आहे हे मस्टरवरून लगेच कळतं. म्हणून सहा दिवसांची सहा कारणं दिलीत की ती खरी असली तरी सबबीसारखी वाटतात.

आता गाडी अगदी वेळेवर आली तर काय होतं ते मांडा. ८:०५ ला बदलापूर, ९:०० च्या सुमारास घाटकोपर. जिना, पूल, तपासणीची रांग धरून मेट्रोच्या फलाटावर ९:१०. मरोळ नाका ९:२० आणि चालत जाऊन टेबलाशी ९:२८. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी हातात दोनच मिनिटं उरतात. बदलापूरच्या गाडीवर दोन मिनिटांचा हिशोब बसत नाही. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला येणारे-जाणारे असे दोनच मार्ग, त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. कल्याणला कसाऱ्याकडचा मार्ग येऊन मिळतो आणि रात्रभर धावून उशिरा आलेल्या गाड्याही सकाळी तिथेच वाट मागत असतात. विठ्ठलवाडी ते कल्याण या एवढ्याशा अंतरात लोकल उभी राहते ती यामुळे. शिवाय उशीर वाटेत वाढत जातो. गाडी मागे पडली की प्रत्येक फलाटावर गर्दी साचते, चढण्या-उतरण्याला जास्त वेळ जातो आणि घाटकोपरला दोन गाड्यांची माणसं एकदम मेट्रोच्या रांगेत येतात. लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर टेबलाशी तुम्ही चौदा मिनिटं उशिरा पोहोचता.

यातून दोन वेगळे उशीर समोर येतात आणि खुलाशात ते वेगळेच ठेवायला हवेत. पहिला रोजचा, ९:२८ च्या पुढे तीनपासून सोळा मिनिटांपर्यंतचा. तो रेल्वेमुळे होतो हे खरं, पण तो रोज होतो म्हणजे आधीपासून माहीत असतो, आणि माहीत असलेल्या उशिराची तजवीज करणं आपल्याकडे येतं. दुसरा मोठ्या बिघाडाचा: सिग्नल बंद पडला, ओव्हरहेड वायर तुटली, थंडीत रुळाला तडा गेला, पावसात कुर्ला-सायनला पाणी भरलं. त्याची तजवीज कुणीच करू शकत नाही. दोन्हींना ‘लोकल लेट होती’ या एकाच वाक्यात बसवलं की खरोखरचा बिघाडही रोजच्या सबबीत जमा होतो. बहुतेक खुलासे इथेच फसतात.

रोजच्या उशिरावर किती आधीची गाडी लागेल हेही मस्टरच सांगतं. ९:२८ ही तुमची सगळ्यात चांगली वेळ, ती प्रत्येक दिवसाच्या वेळेतून वजा करा. मोठा बिघाड सोडला तर सगळ्यात वाईट दिवस ९:४४ चा, म्हणजे १६ मिनिटं. दहा मिनिटं आधीची गाडी घेतली तर त्या दिवशी ९:३४ होतील. लेट मार्क लागणार नाही, पण पुन्हा सवलतच खर्ची पडेल. वीस मिनिटं आधीची घेतली तर ९:२४. त्याच महिन्यात ७:४५ ची गाडी धरली असती तर २३ पैकी २२ दिवस वेळेत गेले असते. हा हिशोब आधीची गाडीही तेवढीच रखडते असं धरून केलाय. म्हणून खुलासा देण्याआधी निदान तीन-चार दिवस त्या गाडीने जाऊन बघा. घरातल्या मुलांच्या शाळेमुळे किंवा आजारपणामुळे ७:४५ जमणारच नसेल तर हे आश्वासन लिहूच नका. मोडलेलं आश्वासन लेट मार्कपेक्षा जास्त काळ लक्षात राहतं.

मी खुलासा असा लिहीन. इंग्रजीत पाठवायचा असला तरी क्रम हाच ठेवा.

> विषय: जून महिन्यातील उशिराबाबत खुलासा
>
> सर,
> जूनमध्ये सहा दिवशी मी ९:४० नंतर पोहोचले. आणखी दहा दिवशी मी ९:३० नंतर, पण सवलतीच्या वेळेत आले.
>
> सहापैकी पाच दिवशी मी ९:४१ ते ९:४४ दरम्यान पोहोचले. माझी ८:०५ ची लोकल वेळेवर आली तरी मी ९:२८ ला पोहोचते, त्यामुळे गाडी थोडी जरी रखडली तरी उशीर होत होता. एवढी कमी वेळ हाताशी ठेवणं ही माझी चूक होती. उरलेल्या एका दिवशी, २४ तारखेला, कल्याणजवळ सिग्नल बंद पडल्याने मी १०:१३ ला पोहोचले.
>
> १ जुलैपासून मी ७:४५ ची लोकल घेते आहे. जूनच्या हजेरीशी ताडून पाहिलं, तर रोजच्या उशिराला एवढा वेळ पुरतो. मोठा बिघाड झाला तर मी गाडीतूनच, ९ वाजायच्या आत, तुम्हाला कळवेन आणि राहिलेलं काम त्याच दिवशी पूर्ण करेन.
>
> झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

सवलतीतले दहा दिवस त्यांनी विचारलेले नसताना का सांगायचे, असं वाटेल. ते त्यांना दिसलेलेच असतात. तुम्ही स्वतः ते मांडलेत की ‘हिला आपली परिस्थिती नीट माहीत आहे’ हे सांगावं लागत नाही. चूक कबूल करणारं वाक्य एकच आणि नेमकं आहे: वेळ कमी ठेवली. दिलगिरीही एकदाच. तीनदा माफी मागितली की मूळ मुद्दा हरवतो. रेल्वेविषयी एकच वाक्य, तेही तारखेसकट. ‘नेहमी’, ‘रोजच’, ‘सगळ्यांचंच असं होतं’, ‘माझ्या हातात काय आहे’ हे शब्द लिहून झाल्यावर शोधून काढून टाका. ‘यापुढे असं होणार नाही’ हेही नको, कारण पावसाळ्यात ते खोटं ठरणारच.

पुरावा जोडायचा तर फक्त २४ तारखेचा, म्हणजे मध्य रेल्वेने त्या दिवशी एक्सवर टाकलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट. एम-इंडिकेटरवरच्या प्रवाशांच्या गप्पा किंवा प्रत्येक दिवसाच्या इंडिकेटरचे फोटो जोडू नका. चार मिनिटांच्या उशिराला सात फोटो लावले की माणूस बचाव करतोय असंच वाटतं.

पुढे ज्या दिवशी खरंच गाडी अडकेल, त्या दिवशी मेसेज कधी करायचा याची वेळ आधीच ठरवून ठेवा. ७:४५ ची गाडी कल्याणला साधारण ८:०५ ला येते असं धरू. त्या गाडीने तुम्ही ९:०८ ला टेबलाशी पोहोचता, म्हणजे हाताशी २२ मिनिटं आहेत. ८:२५ पर्यंत कल्याण सुटलं नसेल तर ती संपत आली, मेसेज तेव्हाच करायचा. यात्री ॲपवर लोकल कुठे आहे ते दिसतं. पुढच्या गाड्याही जागच्या जागी असतील तर अंदाज आणखी वाढवा. ९:४५ ला केलेला मेसेज कितीही नम्र असला तरी उपयोगाचा नसतो, कारण तोपर्यंत त्यांनी रिकामी खुर्ची पाहिलेली असते.

मेसेज एवढाच: ‘सर, गाडी कल्याणच्या अलीकडे थांबली आहे. १०:०० पर्यंत पोहोचते. साडेनऊच्या कॉलचा रिपोर्ट काल ग्रुपवर टाकला आहे, कॉल सुरू करायला सहकाऱ्याला सांगितलं आहे.’ वेळ सांगताना स्वतःच्या अंदाजात पंधरा मिनिटं मिळवा. ९:४५ सांगून ९:५५ ला पोहोचलात तर एकाच दिवसात दोनदा उशीर झाला. १०:०० सांगून ९:५५ ला पोहोचलात तर शब्द पाळला. मेसेजमध्ये सर कारणापेक्षा काम अडलंय का हे आधी बघतात, म्हणून शेवटचं वाक्य कधीही गाळू नका.

तोंडी बोलणं झालंच तर एक प्रश्न हमखास येतो: ‘बदलापूरहून बाकीचेही येतातच की.’ यावर वाद घालू नका. ‘हो सर, ते आधीची गाडी घेतात. आता मीही घेते’ एवढं पुरे.

कामाची वेळच १० ते ६:३० करून मागायची असेल तर ती मागणी या खुलाशात घालू नका. चुकीची कबुली आणि सवलतीची विनंती एकाच कागदावर आली की कबुलीमागचा हेतूच सवलत होता असं वाटतं. जुलैचं मस्टर स्वच्छ जाऊ द्या, मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जून-जुलैच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून वेगळा अर्ज करा. तेव्हा संध्याकाळी ६:३० पर्यंत कुठलं काम करणार हेही त्यात लिहा.