कंपनीच्या नावाचा खरा अर्थ आणि उगम कसा शोधायचा? वेबसाइटवर दिलेली गोष्ट खरी धरायची का?

अजिबात धरू नका. वेबसाइटवरचं 'आमची वाटचाल' हे पान सगळ्यात शेवटी वाचायचं, आणि तेही कागदांशी कुठं जुळत नाही एवढं बघायलाच.

मी हे तावातावानं लिहितोय कारण हे आमच्या घरातलंच प्रकरण आहे. साठच्या दशकात आमचे आबा, त्यांचा धाकटा भाऊ आणि एक मित्र अशा तिघांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेड घेऊन पंप करायला सुरुवात केली. फर्मचं नाव तिघांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन जुळवलेलं, शेवटचं अक्षर आबांचं. नाव इथं लिहीत नाही, कोल्हापुरात दोन मिनिटांत कळेल. पुढं भावाभावांत बिनसलं, आबा बाहेर पडले, फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि आता वेबसाइटवर काय लिहिलंय, तर हे नाव म्हणजे म्हणे 'अखंड शक्ती' अशा अर्थाचा प्राचीन संस्कृत शब्द, संस्थापकांना सुचलेला, आणि संस्थापक म्हणून फोटो एकाचाच. गणपतीत जेवताना मी चुलतभावाला विचारलं तर दादा म्हणतो, अरे कोडॅकचं नाव पण शटरच्या आवाजावरनं पडलं की, गोष्ट चांगली असली म्हणजे झालं.

म्हटलं बघूच कोडॅकचं. आणि कोडॅकचंच उदाहरण दादाच्या विरुद्ध निघालं. तिथं कागदांचा क्रम असा आहे: कोडॅक कॅमेरा काढणाऱ्या जॉर्ज ईस्टमनची कंपनी १८८४ ची, तिच्या नावात कोडॅक नाही. १८८८ ला कॅमेरा आला तेव्हा त्याला हे नाव दिलं आणि ४ सप्टेंबर १८८८ ला अमेरिकेत ट्रेडमार्क नोंदवला. कंपनीच्या नावात कोडॅक घुसलं ते थेट १८९२ ला. म्हणजे नाव मालाचं, कंपनीनं नंतर घेतलं, आणि कंपनीच्या स्थापनेचे कागद कितीही उलथेपालथे केले तरी तिथं कोडॅक सापडणार नाही. निम्मे लोक इथंच चुकतात, कंपनी कधी निघाली तिथं शोधतात आणि नाव आधी कशावर छापलं गेलं ते बघतच नाहीत.

आता अर्थ. ब्रिटिश ट्रेडमार्क ऑफिसला ईस्टमननं स्वतः लिहून दिलंय की हा कुठल्या परदेशी भाषेतला शब्द नाही, मी मुद्दाम बनवलाय, छोटा आहे, उच्चार चुकायचा नाही, आणि या धंद्यात दुसऱ्या कशाशी त्याचं साम्य नाही. शटरचा आवाज त्यात कुठं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यानं परत सांगितलं की के हे अक्षर त्याला आवडायचं, जोरकस वाटायचं, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी के येईल अशी अक्षरं जुळवत बसला (आईचं माहेरचं आडनाव किलबोर्न, तिथनं ती आवड आली असं चरित्रकार सांगतात). दुसरी दंतकथा अशी की नॉर्थ डकोटावरनं 'नोडॅक' आणि त्यावरनं कोडॅक, कारण डेव्हिड ह्यूस्टन नावाच्या तिथल्या माणसाकडनं ईस्टमननं पेटंटं घेतली होती. ऐकायला झकास, पण नॉर्थ डकोटा हे राज्य झालं नोव्हेंबर १८८९ ला, ट्रेडमार्कच्या वर्षभरानंतर. त्या भागाला लोक आधीपासून तसं म्हणत असतील, म्हणून एवढ्या एका तारखेवर गोष्ट पूर्ण मरत नाही, पण एका बाजूला संस्थापकाचा त्याच काळातला कागद आणि दुसऱ्या बाजूला नुसता उच्चारातला सारखेपणा असेल तर मी कागदाकडंच जाणार.

फक्त एक लक्षात ठेवा, त्या कागदालाही स्वार्थ असतो. मालाचं वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही, तेव्हाही अवघड होतं आणि आपल्याकडं आजही ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली त्यावर आक्षेप येतो. म्हणून अर्ज करणारा 'हा शब्द आम्ही बनवलाय, याला काही अर्थ नाही' असं ओरडून सांगणारच. ईस्टमनचं पटतं कारण ट्रेडमार्क मिळून गेल्यावर कितीतरी वर्षांनीही त्यानं तेच सांगितलं.

हे कळल्यावर मी आमच्या कंपनीच्या मागं लागलो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च आहे, तिथं नाव टाकायचं आणि क्लास, म्हणजे मालाचा वर्ग, पंपाला ७. नुसता पूर्ण शब्द टाकून थांबू नका, उच्चारावरनं शोधणारा फोनेटिक सर्चपण करा, कारण जुन्या अर्जात स्पेलिंग वेगळं असतं. आणि चालू अर्जावर समाधान मानू नका, 'रिमूव्ह्ड' झालेले जुने अर्ज उघडा. आमच्या नावाचा जुना अर्ज कंपनीचा नव्हताच, तो भागीदारी फर्मचा, तिन्ही भागीदारांची नावं लिहून पुढं 'ट्रेडिंग ॲज' असं. नवीन अर्ज कंपनीचा, त्यावर आक्षेप आलेला, आणि त्याला वकिलानं दिलेलं उत्तर तिथंच स्कॅन करून ठेवलंय: हा शब्द बनवलेला आहे, कुठल्याही भाषेत याला अर्थ नाही. म्हणजे रजिस्ट्रीला सांगायचं अर्थ नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं प्राचीन संस्कृत! अर्जात 'कधीपासून वापरतो' ती तारीख असते, ती मात्र अर्जदारानं स्वतः सांगितलेली असते, तिच्यावर एकट्या भिस्त ठेवू नका.

कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, बघितला तर त्यातले मधले चार आकडे म्हणजे कंपनी नोंदल्याचं वर्ष, फर्म त्याच्या कितीतरी आधीची. मग रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं अर्ज. भागीदारी कायदा १९३२, कलम ६६, रजिस्टर कुणालाही फी भरून बघता येतं, नातेवाईक असायची गरज नाही, आणि कलम ६७ खाली सर्टिफाइड नक्कल मिळते. त्यात फर्मचं नाव, प्रत्येक भागीदाराचं पूर्ण नाव आणि तो कोणत्या तारखेला आला हे असतं. आमच्यात तिघंही एकाच तारखेचे, आणि खाली तिघांच्या सह्या. कलम ६८ म्हणतं की ज्यानं सही केली त्याच्याविरुद्ध त्यातली नोंद हा निर्णायक पुरावा. दादाला नक्कल व्हॉट्सॲप केली, निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाव अक्षरांवरनंच पडलं हे कुठं लिहिलंय? नाही लिहिलेलं. रजिस्टर कोण आणि कधी एवढंच सांगतं, का ते सांगत नाही. तीन नावं, तीन अक्षरं, एकच तारीख, आणि आबा आम्हाला लहानपणापासून सांगायचे ते, एवढं एकत्र ठेवल्यावर संस्कृतवाल्यांनी त्यांचा एक तरी जुना कागद दाखवावा असं माझं म्हणणं आहे. शिवाय फर्म नोंदवणं सक्तीचं नाही, त्यामुळं तुमची फर्म रजिस्टरमध्ये नसूही शकते. आणि १९४९ च्या आधीचं कोल्हापुरातलं काही असेल तर ते संस्थानचं, त्यासाठी इथलं पुराभिलेखागार, ते वेगळंच काम आहे.

रजिस्टरमध्ये काही नाही मिळालं तर कंपनीच्या ऑफिसात जाऊ नका, तिथं चहा आणि ब्रोशर मिळतं. जो भागीदार बाहेर पडला त्याच्या घरी जा. पहिली बिलबुकं, लेटरहेडं, भागीदारीच्या कराराची कॉपी त्याच्याच ट्रंकेत असते, कारण बाकीच्यांनी त्यांच्याकडची कधीच रद्दीत घातलेली असते.