वॉटरमार्कचं नंतर बघा, आधी फ्रीझ शिका

प्रश्न: मोबाइलवर पहिल्यांदाच शिकवण्याचे व्हिडिओ बनवायचे आहेत. काइनमास्टर, इनशॉट की व्हीएन, फुकटातलं कोणतं ॲप घेऊ? वॉटरमार्क नको. फोन ॲन्ड्रॉइड, रॅम ४ जीबी.

व्हीएन घ्या. पैसे न भरताही त्यात वॉटरमार्क येत नाही आणि शिकवायच्या व्हिडिओला जे लागतं ते त्यात आहे. एवढ्यावर उत्तर संपायला हरकत नव्हती, पण ‘वॉटरमार्क नको’ वाचलं आणि मला आमचे धाकटे भाऊजी आठवले, म्हणून लांबण लावते.

मी शिवणक्लास घेते. प्रत्येक बॅचला तेच ते सांगावं लागतं: बॉबिन केसचा स्क्रू कुठला, तो किती फिरवायचा, धाग्याचं टेन्शन बरोबर आहे हे कसं ओळखायचं. म्हणून त्याचा एक व्हिडिओ करून क्लासच्या ग्रुपवर टाकला. भाऊजी लग्नाचं शूटिंग करतात, घरी मोठा कॉम्प्युटर, विकतचं सॉफ्टवेअर. गणपतीत आले होते, व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, “वहिनी, हे असलं कोण बघणार? जरा प्रोफेशनल करा. द्या इकडे.” रात्री बसून त्यांनी तो ‘नीट’ करून दिला. सुरुवातीला फिरत येणारं क्लासचं नाव, मागे बासरी, आणि प्रत्येक जोडावर ट्रान्झिशन. चित्र विरघळत दुसऱ्यात जातं ते.

आता माझ्या मूळ व्हिडिओत एका शॉटमध्ये स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसतो आणि पुढच्या शॉटमध्ये स्क्रू घड्याळाच्या दिशेने जेमतेम पाव फेरा फिरतो. बघायचं ते एवढंच. ट्रान्झिशन टाकलं की पहिल्या शॉटचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकावर एक चढतात, आणि माझा पाव फेरा नेमका त्या धुरात गेला. क्लासमधल्या एकीने तो ‘नीट’ केलेला व्हिडिओ बघून विचारलं, “मॅडम, स्क्रू डावीकडे फिरवायचा की उजवीकडे?” मी ते भाऊजींना सांगितलं तर म्हणे, बायकांनी लक्ष देऊन बघायला पाहिजे. त्या दिवसापासून आमचं हे भांडण चालू आहे.

तर माझं मत सरळ आहे. लग्नाच्या व्हिडिओत बघणाऱ्याला छान वाटायला हवं, शिकवायच्या व्हिडिओत त्याला दिसायला हवं. त्यासाठी ॲपमध्ये चार गोष्टी बघा: नको तो भाग कापणं, चित्र गोठवणं, हव्या जागी झूम करणं, आणि वरून आवाज देणं. त्यातलं गोठवणं, म्हणजे फ्रीझ, सगळ्यात कामाचं, आणि नवशिके नेमकं तेच शिकत नाहीत.

स्क्रू फिरवायला एक सेकंद लागतो, पण त्याबद्दल सांगायला सात-आठ: “दोन स्क्रू दिसतात, त्यातला मोठा, पट्टीवरचा. उजवीकडे फिरवला की घट्ट.” मग उरलेल्या सेकंदांत काय दाखवणार? बहुतेक जण तेच चित्र स्लो करतात, त्याने हात दारू प्यायल्यासारखा दिसतो. मी आधी आवाज रेकॉर्ड करते. पंखा बंद, दार लावून, एकेक वाक्य वेगळं. मग तो आवाज टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, ठेवून त्याखाली चित्र बसवते. शूटिंगचा मूळ आवाज शून्यावर, कारण त्यात मशीनची घरघर असते. जिथे बोलणं लांबतं तिथे टाइमलाइनवरची उभी रेघ नेमक्या फ्रेमवर आणायची, क्लिप निवडायची, फ्रीझ दाबायचं. तिथे काही सेकंदांचं स्थिर चित्र घुसतं, त्याची कड ओढून बोलणं संपेपर्यंत लांबवायचं. त्यावर टेक्स्टमध्ये कीबोर्डवरचा बाणाचा इमोजी टाकला की स्क्रूकडे बोट दाखवल्यासारखं होतं. बोलणं संपलं की चित्र आपोआप पुढे चालू लागतं आणि हात फिरताना दिसतो. माझ्या अख्ख्या व्हिडिओचा कणा हाच आहे.

झूमला व्हीएनमध्ये कीफ्रेम आहेत, म्हणजे या क्षणी चित्र एवढं हवं असं सांगणाऱ्या खुणा, आणि तिथे सगळे एकाच जागी अडकतात. झूम सुरू व्हायच्या ठिकाणी एक कीफ्रेम, सेकंदभर पुढे चित्र मोठं करून दुसरी. इथपर्यंत सोपं. परत लहान करायचं असेल तेव्हा लोक सरळ शेवटच्या ठिकाणी जाऊन लहान करतात, आणि मग चित्र मोठं झाल्या क्षणापासून हळूहळू मागे सरकत राहतं. मधला वेळ ते स्थिर राहायला हवं असेल तर परतीचा प्रवास सुरू होण्याच्या ठिकाणी आधी मोठ्याच आकाराची एक कीफ्रेम टाकावी लागते. म्हणजे एका झूमला एकूण ४ कीफ्रेम. तुमचं चित्र कारण नसताना तरंगत असेल तर ही तिसरी राहिली आहे असं समजा.

झूमलाही मर्यादा आहे. १०८० पीचं चित्र दुप्पट मोठं केलं की पडद्यावर खरा तपशील १९२० बाय १०८० मधल्या ९६० बाय ५४० एवढ्याचाच उरतो, बाकी ॲपने ताणलेलं असतं. स्क्रूची खाच त्यात पुसट होते. म्हणून बारीक वस्तूचा शॉट वेगळा, जवळून घ्या. फोन अगदी टेकवलात तर फोकस बसत नाही, थोडं मागे येऊन बोट दाबून धरा म्हणजे फोकस एका जागी थांबतो.

बाकी ॲप्सबद्दल. काइनमास्टर वाईट नाही. त्यात एक गोष्ट मला फार आवडते: हस्ताक्षराचा थर. चित्रावर बोटाने सरळ गोल किंवा बाण काढता येतो, बाणाचे इमोजी शोधत बसावं लागत नाही. शिवाय मोझेकचा इफेक्ट थर म्हणून ठेवता येतो. फोनचा पडदा रेकॉर्ड करून काही शिकवणार असाल तर त्याने मोबाइल नंबर, ओटीपी झाकता येतो. पण फुकटात वर कोपऱ्यात त्यांचं नाव राहतं. इनशॉट शिकायला सगळ्यात सोपं, दुपारी उघडलं तर संध्याकाळी व्हिडिओ तयार. वॉटरमार्क जाहिरात बघून त्या व्हिडिओपुरता काढता येतो. रील, शॉर्टसाठी तेच घ्या. पण दहा मिनिटांचा धडा, वर आवाज, टेक्स्ट, बाण असं सगळं आलं की मला तिथे गुदमरल्यासारखं होतं. गूगलचं यूट्यूब क्रिएट २०२३ मध्ये आलं, सुरुवातीच्या मोजक्या देशांत भारत होता. तेही फुकट, वॉटरमार्क नाही. परदेशी यूट्यूबर ज्याचं कौतुक करतात ते कॅपकट भारतात बंद आहे, त्याची फाइल कुठून तरी मिळवायच्या भानगडीत पडू नका.

तसंच ‘वॉटरमार्क काढलेलं काइनमास्टर’ म्हणून टेलिग्रामवर फिरतं ते. आमच्या भाऊजींनी मला तेच पाठवलं होतं, आणि मी ते टाकलं नाही यावरूनही ते चिडले. ज्या फोनवर माझं बँकेचं ॲप आहे त्याच फोनवर कोणी तरी कुठे तरी फोडून जोडलेलं ॲप मी का टाकू? कोपऱ्यातल्या चिमुकल्या नावामुळे माझ्या एकाही विद्यार्थिनीचा टाका बिघडलेला नाही. वॉटरमार्कची लाज शिकवणाऱ्याला वाटते, शिकणाऱ्याला त्याचं काही नसतं.

मराठी टेक्स्टचं मात्र जपा. अक्षर-अक्षर उमटणारं ॲनिमेशन लावलंत तर जोडाक्षरं आणि मात्रा फुटतात. ‘स्क्रू’ आधी स, मग हलंत, मग भलतंच काही. पूर्ण ओळ एकदम येईल असं साधं ॲनिमेशन घ्या. ॲपमधले नक्षीदार फॉन्ट बहुतेक इंग्रजीपुरतेच असतात, मराठी लिहिलं की फोनचा नेहमीचा फॉन्ट दिसतो. गूगल फॉन्ट्सवरून मुक्त किंवा बालू उतरवून व्हीएनमध्ये घालता येतो. टेक्स्ट वर ठेवा, खाली यूट्यूबची सबटायटल्स येतात.

४ जीबी रॅमवर चालेल, फक्त शूटिंग १०८० पी, ३० फ्रेमवर करा. ६० घेतलंत तर टाइमलाइन अडखळेल आणि शिवणकामात त्याचा उपयोगही नाही. प्रकल्प उघडल्या उघडल्या चौकट १६:९ ठरवून टाका. नंतर बदलली की टेक्स्ट आणि बाण जागा सोडतात. सेव्ह करताना बिटरेट विचारला तर ८ एमबीपीएस पुरे, यूट्यूबही या आकाराला तेवढाच सुचवतं. त्या हिशेबाने मिनिटाला साधारण ६० एमबी होतात, तेवढी जागा आधी रिकामी ठेवा. सेव्ह होत असताना व्हॉट्सॲप उघडू नका, कमी रॅमचा फोन मागचं काम मारून टाकतो आणि टक्के पहिल्यापासून सुरू होतात.

आता भाऊजींच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तासभराचे, दोन-तीन कॅमेऱ्यांचे धडे करायचे असतील तर मोबाइल पुरणार नाही, तेव्हा कॉम्प्युटरच बरा. आयफोनवाल्यांनी आयमूव्ही बघावं, ते ॲपलचं असून फुकट आहे. आणि व्हिडिओ पूर्ण सेव्ह होऊन एकदा शेवटपर्यंत बघितल्याशिवाय गॅलरीतल्या मूळ क्लिप उडवू नका. काइनमास्टरसारखी ॲप्स तुमची क्लिप स्वतःकडे ठेवत नाहीत, फक्त ती कुठे आहे ते लक्षात ठेवतात. जागा करायला म्हणून तुम्ही ती पुसलीत की टाइमलाइनवर तिथे रिकामा डबा उरतो.

(कापडाखाली धाग्याचा गुंता होतो म्हणून बॉबिन केसचा स्क्रू पिळणाऱ्यांसाठी: बहुतेक वेळा दोष वरच्या धाग्यात असतो. फूट वर करून धागा पुन्हा ओवा, फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा आत बसतच नाही. मग बॉबिन केस धाग्याला टांगून हलका झटका द्या. थोडी सरकून थांबली तर स्क्रूला हात लावू नका.)