कोजागिरीच्या भेंड्या: अक्षरांच्या तीन वाट्या

"सोसायटीत कोजागिरीला गाण्याच्या भेंड्या ठेवल्यात, चार टीम आहेत. मागच्या वर्षी एकाच टीमला सारखं ठ नि थ येत होतं म्हणून भांडणं झाली. राउंड आणि मार्क कसे ठेवू?"

साखळी पद्धत, म्हणजे आधीच्याचं शेवटचं अक्षर घेऊन गायचं, ही फक्त पहिल्या राउंडला ठेवा आणि तिला मार्क कमी द्या, कारण तिथे पुढच्याला काय अक्षर येणार हे आधीच्या टीमच्या हातात असतं. हुशार माणूस मुद्दाम अवघड अक्षरावर थांबतो. म्हणून मुखड्याच्या पूर्ण दोन ओळी गाऊनच थांबायचं, ण आला तर न, ळ आला तर ल, आणि हिंदी गाण्यांमुळे ह सारखाच येत राहतो तेव्हा तिसऱ्यांदा आला की त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं.

खरी लढत दुसऱ्या राउंडला, चिठ्ठ्यांची. आम्ही तीन वाट्या ठेवतो. सोप्या वाटीत अ, क, ज, त, न, म, स वगैरे, मधल्या वाटीत ग, च, द, ब, ल, व, आणि अवघड वाटीत ख, घ, झ, ठ, ढ, थ, फ. प्रत्येक टीमने प्रत्येक वाटीतून एकच चिठ्ठी उचलायची, म्हणजे नशीब राहतं पण सगळ्यांच्या वाट्याला एकेक अवघड येतंच. सोप्याला 5, मधल्याला 10, अवघडला 15 मार्क, वेळ सगळ्यांना 30 सेकंद.

नाही आलं तर पुढच्या टीमला, पण अर्धेच मार्क. इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कच्च्या टीमच्या शेजारी जी बसते तिलाच बोनस मिळत राहतो. त्यामुळे प्रत्येक वाटीनंतर पास करायची दिशा उलटी करा. आमच्याकडे एकदा तिसरी टीम तिन्ही वाट्यांना अडकली आणि चौथीला फुकटचे 15 मार्क मिळाले (अडीच, पाच, साडेसात) आणि ती 10 मार्कांनी जिंकली, तेव्हापासून दिशा उलटवतो. आणि 5, 10, 15 ऐवजी 4, 10, 16 ठेवलं तर अर्ध्याचे अपूर्णांक येत नाहीत, आता तसंच करतो.

सगळ्यात जास्त वाद कशावर होतो सांगू का, गाणं ओळखीचं एका शब्दाने असतं आणि सुरू होतं दुसऱ्याने. थ आला की कुणीतरी 'थकले रे नंदलाला' म्हणतंच, पण ते सुरू होतं 'नाच नाचुनी अति मी दमले' असं, म्हणजे न. तसंच 'डोलकर' ड ला चालत नाही, सुरुवात 'मी डोलकर' अशी आहे. मुखड्याचा पहिला शब्दच धरायचा, अंतरा चालणार नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगा, आणि शंका आली तर पंचाने मोबाइलवर मूळ गाणं लावून पहिली ओळ सगळ्यांना ऐकवायची. एक माणूस वहीत गायलेली गाणी लिहायला बसवा, तेच गाणं परत आलं तर शून्य, आणि तो माणूस कुठल्याच टीमचा नको.